वारीतला फोन आणि पलीकडचा आवाज

आषाढी एकादशीच्या आधी काही दिवस पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग निघतो. त्यानंतर देव झोपत नाही, असे मानतात. काकड आरती, शेजारती असे रोजचे उपचार थांबतात आणि मंदिर रात्रंदिवस दर्शनाला उघडे राहते. प्रक्षाळपूजेला हा क्रम संपतो आणि नित्योपचार पुन्हा सुरू होतात. मंदिराच्या हेल्पलाइनसाठी ध्वनिमुद्रण लिहिणाऱ्याने आधी हे समजून घ्यायला हवे. कारण 'मंदिर पहाटे अमुक वाजता उघडते आणि रात्री तमुक वाजता बंद होते' हे वर्षभर खरे असलेले वाक्य नेमके सर्वाधिक फोन येतात त्याच दिवसांत खोटे ठरते.

फोन करणारा कुठे उभा असतो, हेही डोळ्यांसमोर आणायला हवे. तो एसटीच्या खिडकीशी असतो, वाळवंटात असतो, शेजारी टाळ वाजत असतात. फोन बहुधा स्मार्टफोनच असतो, पण त्यात एक गोची आहे. कानाला लावला की त्याचा पडदा बंद होतो. 'एक दाबा' ऐकले की फोन कानापासून काढायचा, आकड्यांची पाटी कुठे लपली आहे ती शोधायची, बटण दाबायचे आणि फोन पुन्हा कानाला लावायचा. सरावलेल्या माणसालाही याला चार-पाच सेकंद लागतात, सत्तरीच्या आजोबांना त्याहून जास्त. तेवढ्या वेळात यंत्र 'आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही, धन्यवाद' म्हणून फोन तोडत असेल, तर ती हेल्पलाइन आजोबांसाठी बंदच आहे. म्हणून बटणासाठी किमान आठ-दहा सेकंद थांबावे. तरीही काही दाबले गेले नाही, तर फोन तोडू नये. दर्शनाची माहिती आपणहून ऐकवावी आणि शेवटी माणसाकडे जोडून द्यावे.

बटण दाबल्यावर यंत्राला ते कळते, ते आवाजावरून. प्रत्येक बटणाला दोन सूर ठरवून दिलेले आहेत, एक त्याच्या आडव्या ओळीचा आणि एक उभ्या रांगेचा. ५ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम निघतात आणि त्या जोडीवरून पलीकडचे यंत्र आकडा ओळखते. माणसाच्या किंवा टाळ-मृदंगाच्या आवाजात अशी जोडी नेमकी जुळून येणे अवघड असते. त्यामुळे गोंगाटातही बटण सहसा बरोबर पोहोचते. बोलून पर्याय निवडायला लावणाऱ्या सोयीपेक्षा वारीत बटण बरे, ते याच कारणासाठी.

उलट दिशेने, म्हणजे मंदिराकडून भाविकाकडे जाणारा आवाज मात्र नाजूक असतो. जुन्या टेलिफोन पद्धतीत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. माणसाचा आवाज ओळखू येतो, पण 'स', 'श' यांचा सळसळता भाग आणि महाप्राण अक्षरांचा फुंकार विरून जातो. मराठीत याचा फटका थेट आकड्यांना बसतो. 'सात' आणि 'साठ' फोनवर जवळजवळ सारखे ऐकू येतात, 'सहा' आणि 'दहा' यांचेही तसेच. म्हणून वेळ सांगताना प्रहर जोडूनच सांगावी: 'पहाटे सहा', 'रात्री दहा'. फोन नंबर 'अठ्ठ्याण्णव, एकोणसाठ' असा जोड्यांनी वाचू नये. सुटे आकडे पाच-पाचच्या दोन गटांत, मध्ये श्वास घेऊन, दोनदा सांगावेत. गर्दीत कागद-पेन कुणाकडे नसते, तेव्हा तोच नंबर एसएमएसने पाठवण्याची सोय असेल तर फार उत्तम.

याच कारणासाठी ध्वनिमुद्रणाच्या मागे सनई किंवा अभंगाची धून ठेवू नये. मोबाइलवरचा आवाज ज्या पद्धतीने आकुंचित होतो, ती बोलण्यासाठी बेतलेली आहे. संगीत तिच्यातून जाताना फाटते आणि बोलणेही बिघडवते. भक्तिभाव आणायचा असेल तर 'राम कृष्ण हरी' एवढे नीट म्हटलेले अभिवादन पुरे. मुद्रण पंखा बंद केलेल्या, गाद्या-पडदे असलेल्या खोलीत करावे आणि ते संगणकावर ऐकून पसंत करू नये. बसस्थानकावर जाऊन साध्या मोबाइलवर, एका कानाने ऐकावे. तिथे जो शब्द कळला नाही, तो बदलावा.

आता प्रत्यक्ष मजकूर. आषाढीच्या दिवसांसाठी मी तो असा लिहीन:

'राम कृष्ण हरी. विठ्ठल मंदिर, पंढरपूर. कुणाच्या जिवाला धोका असेल, तर हा फोन ठेवा आणि एक-एक-दोन लावा. माणूस हरवले असेल, तर शून्य दाबा. कन्नडक्कागि मूरु ओत्ति. मंदिर सध्या रात्रंदिवस उघडे आहे. दर्शनाची रांग आता कुठे आहे, ते ऐकण्यासाठी एक दाबा. पंढरपुरात कसे यायचे, ते ऐकण्यासाठी दोन दाबा.'

हे सावकाश वाचले तरी अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. 'आपले हार्दिक स्वागत आहे, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे त्यात नाही. कर्नाटकातून येणारे वारकरी खूप असतात, म्हणून त्यांच्यासाठीचे वाक्य त्यांच्याच भाषेत आहे. 'कन्नडसाठी तीन दाबा' असे मराठीत सांगून ज्याला ते हवे त्याला ते कळणार नाही. तीन दाबल्यावर पहिले वाक्य पुन्हा ११२ चेच असावे, या वेळी कन्नडमध्ये.

काटकसरीचे कारण हिशोबाचेही आहे. जुन्या धाटणीच्या एका पीआरआय जोडणीवर एका वेळी ३० फोन चालतात. समजा, तासाला ६०० फोन येतात. प्रत्येक फोन सरासरी दोन मिनिटे चालला तर एका वेळी सरासरी २० वाटा गुंतलेल्या राहतात आणि शंभरात जेमतेम एखाद्याला फोन व्यस्त लागतो. तोच फोन तीन मिनिटांचा झाला की सरासरी गुंतलेल्या वाटा ३० व्हायला लागतात. मग साधारण आठातल्या एकाला व्यस्त लागतो आणि तो लगेच पुन्हा फोन लावत असल्याने गर्दी आणखी वाढते. स्वागतातले एक मिनिट असे दुसऱ्याच कुणाच्या वाट्याचे निघते.

आणीबाणीचा क्रमांक यादीच्या शेवटी ठेवण्याची सवय फार घातक आहे. ज्याच्या शेजारी कुणी कोसळले आहे, तो 'इतर माहितीसाठी नऊ' येईपर्यंत थांबणार नाही. ११२ वर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्हींसाठी मदत मिळते, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ सुद्धा आहे. दोन्ही सांगण्याचा मोह होतो, पण घाबरलेल्या माणसाला निवड करायला लावू नये. एकच सांगावा. तो 'एकशे बारा' असा न सांगता 'एक-एक-दोन' असा सांगावा, कारण बोटाला तसाच दाबायचा असतो. आणि मंदिराच्या यंत्रातून हा फोन पुढे जोडून देण्याऐवजी भाविकालाच थेट लावायला सांगावा. जोडून दिलेल्या फोनवर नियंत्रण कक्षाला भाविकाऐवजी मंदिराचा नंबर दिसू शकतो आणि माणूस कुठे आहे हे शोधायला वेळ जातो.

वारीत नेहमी येणारा प्रसंग मात्र वेगळाच असतो, तो म्हणजे चुकामूक. त्याला ध्वनिमुद्रित उत्तर नसते. शून्य दाबल्यावर माणूसच बोलला पाहिजे आणि त्याच्यासमोर प्रश्नांचा क्रम लिहून ठेवलेला असावा. आधी फोन करणाऱ्याचा नंबर, कारण वारीत फोन मध्येच तुटतो. मग हरवलेल्याचे नाव, वय, अंगावरचे कपडे, शेवटचे कुठे दिसले, कोणत्या दिंडीतले. दिंडीचा क्रमांक कळला तर शोध निम्मा सोपा होतो. शेवटी एक स्पष्ट सूचना: 'तुम्ही आहात तिथेच थांबा.' दोघेही एकमेकांना शोधत फिरले तर भेट लांबते.

दर्शनाबद्दलचा खरा प्रश्न वेळेचा नसतो, 'किती तास लागतील?' हा असतो. त्याचे पक्के उत्तर कुणीच देऊ शकत नाही आणि खोटा आकडा दिला की लोकांचा त्या नंबरावरचा विश्वास उडतो. खरी सांगता येण्याजोगी गोष्ट म्हणजे रांगेचे टोक. 'दुपारी दोन वाजता पदस्पर्शाच्या रांगेचे टोक गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडपाशी आहे. मुखदर्शनाची रांग वेगळी आहे.' यात पाहणी कधीची हेही आले आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना मुखदर्शनाचा पर्यायही कळला. हा तुकडा दर दोन-तीन तासांनी नव्याने बोलावा लागतो, म्हणून तो स्वतंत्र फाइलमध्ये ठेवायचा. रांगेवरच्या माणसाने ठरलेल्या नंबरावर फोन करून पासवर्ड टाकून थेट बोलावे, अशी सोय या यंत्रांत करता येते.

एकादशीच्या रात्रीसाठी आणखी एक काळजी. 'आज रात्री साडेबारा' म्हणजे कुठली रात्र? पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, घड्याळाची तारीख मध्यरात्री. वारकरी दशमीच्या हिशेबात असतो, मोबाइल पुढच्या तारखेवर गेलेला असतो. पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा असते, तेव्हा रांगेचे काय होणार हे सांगताना वार, तिथी आणि प्रहर तिन्ही एकत्र सांगावेत आणि 'आज', 'उद्या' हे शब्द टाळावेत.

रस्ता सांगताना डावे-उजवे कामाचे नाही, कारण माणसाचे तोंड कुठे आहे ते आपल्याला माहीत नसते. नदी आणि महाद्वार या खुणा धराव्यात. 'चंद्रभागेच्या वाळवंटातून महाद्वार घाटाने वर या, समोरचा रस्ता महाद्वाराकडे, नामदेव पायरीकडे जातो.' गाडीने येणाऱ्याला आधी 'कुठून येताय' हे विचारावे, कारण वारीत एसटीची तात्पुरती स्थानके आणि गाड्यांचे तळ गावाबाहेर, येण्याच्या दिशेप्रमाणे वाटलेले असतात. नेहमीच्या स्थानकाचा पत्ता त्या दिवसांत दिला, तर गाडी बंद केलेल्या रस्त्यावर जाऊन अडकते.

काही बिघडले आहे का, हे यंत्राच्या नोंदीतून दिसते. कोणते बटण किती वेळा दाबले गेले आणि लोक कितव्या सेकंदाला फोन ठेवतात, हे रोज रात्री पाहावे. एक दाबून माहिती ऐकल्यावर बरेच जण शून्य दाबत असतील, तर त्या माहितीत त्यांना हवे ते नाही. बाराव्या सेकंदाला फोन तुटत असतील तर तिथले वाक्य ऐकून पाहावे.

आणि प्रक्षाळपूजेच्या दिवशी, देवाचा पलंग परत आला की 'मंदिर रात्रंदिवस उघडे आहे' हे वाक्य त्याच दिवशी काढायचे. हे काम कुणाचे, त्याचे नाव आषाढीच्या आधीच कागदावर लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावून ठेवावे, कारण त्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि रात्री बंद दारापाशी येऊन थांबणारा भाविक फोनवर ऐकलेल्या शब्दावर विसंबून आलेला असतो. कार्तिकीला देवाचा पलंग पुन्हा निघेल, तेव्हा हीच फाइल तारखेसह जपून ठेवलेली असली तर निम्मे काम झालेले असेल.