चोरी एकीकडे, घुसखोरी दुसरीकडे

ऑक्टोबर २०२३मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या ग्राहकांची माहिती इंटरनेटवर विक्रीला आली. लाळेच्या नमुन्यातून डीएनए तपासून तुमचे पूर्वज आणि दूरचे नातेवाईक कोण, हे ही कंपनी सांगते. चोरांनी ग्राहकांचेच ईमेल आणि पासवर्ड टाकून रीतसर लॉगिन केले होते. ते पासवर्ड पूर्वीच दुसऱ्या वेबसाइटींवरून चोरीला गेले होते. या प्रकाराला ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’ म्हणतात.

सुरुवात एखाद्या भलत्याच साइटपासून होते. समजा, खरेदीच्या एका साइटचा डेटा फुटला. पासवर्ड तिथे सांकेतिक रूपात साठवलेले असले, तरी त्यातले सोपे पासवर्ड उलगडायला वेळ लागत नाही. मग यादी तयार होते, एका ओळीत एक खाते:

```
sunita@example.com:Ganpati@123
```

अशा लाखो ओळी एका प्रोग्रामला दिल्या जातात आणि तो प्रत्येक जोडी दुसऱ्या साइटींवर लावून बघतो. एका खात्यावर एखादाच प्रयत्न होतो, तोही दर थोड्या वेळाने बदलणाऱ्या आयपी पत्त्यावरून. म्हणून ‘तीनदा चुकलात, खाते बंद’ हा नियम इथे कुचकामी ठरतो. हजारात एखादी जोडी लागली, तरी चोराचे भागते. सावध कंपनीला मात्र एक खूण दिसते: फसलेली लॉगिन एकदम वाढतात आणि त्यांत कंपनीकडे खातेच नसलेले असंख्य ईमेल येतात.

ट्वेंटीथ्री अँड मीवर हा प्रकार एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालला. खाती उघडली ती सुमारे १४ हजार, म्हणजे ग्राहकांपैकी ०.१ टक्के. पण या कंपनीत डीएनए जुळणाऱ्या नातेवाइकांची माहिती एकमेकांना दिसण्याची सोय होती. त्या वाटेने सुमारे ६९ लाख लोकांची माहिती गेली. त्यांच्यातल्या कित्येकांचा पासवर्ड मजबूत असेल, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

ग्राहकांनी जुनेच पासवर्ड वापरले, असे म्हणून कंपनीच्या वकिलांनी दोष त्यांच्यावर ढकलला. मला हे पटत नाही. लॉगिनला ओटीपीसारखा दुसरा टप्पा असता, तर नुसत्या पासवर्डावर दार उघडले नसते. तो ऐच्छिक होता. कंपनीने तो सक्तीचा केला नोव्हेंबरमध्ये, माहिती गेल्यावर. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने २०२५मध्ये कंपनीला २३ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

आपला ईमेल अशा एखाद्या फुटलेल्या डेटात आहे का, हे haveibeenpwned.com वर फुकट तपासता येते. पण त्याआधी आपल्या ईमेलचा पासवर्ड बदला आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नका. बाकी बहुतेक खात्यांची ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक त्याच इनबॉक्समध्ये येते.