कन्नड घरातली मुलगी, मराठी वर्ग

कलबुर्गी आणि यादगीर भागातून पुण्याकडे बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांतली मुले बहुधा जवळच्या मराठी शाळेत दाखल होतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार प्रवेश वयानुरूप इयत्तेत मिळतो. त्यामुळे गावी दुसरीपर्यंत कन्नड शिकलेली आठ वर्षांची मुलगी इथे थेट तिसरीत बसते. तिला कन्नड वाचता येते, बेरीज-वजाबाकी येते. मराठी मात्र एक अक्षरही येत नाही.

पहिले काही आठवडे अशी मुलगी जवळजवळ बोलतच नाही. हा हट्ट नव्हे आणि मंदपणाही नव्हे. ती ऐकत असते, जुळवत असते. या काळात तिला उभे करून उत्तर मागितले, तर गप्प राहण्याचा काळ लांबतो. तिला काय कळते हे बाईंनी कृतीवरून ताडायचे. मात्र एक फसगत टाळावी लागते. ‘वही काढा’ म्हटल्यावर तिने वही काढली, म्हणजे तिला कळलेच असे नाही. शेजारणीचे पाहूनही ती काढते. म्हणून अधूनमधून हातवारे न करता, फक्त तिलाच सूचना द्यावी: ‘खडू आण’, ‘खिडकी लाव’. ती इकडेतिकडे न पाहता उठली, तर शब्द पोचला. ‘कळलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्यावर मान नेहमीच हलते. ‘लाल हवा की निळा?’ असे विचारले की खरे काय ते समजते.

सहभागाची सुरुवात परिपाठापासून करणे सोपे जाते. प्रतिज्ञा रोज तीच, रांगेच्या सूचना त्याच, आणि आवाज सगळ्यांचा एकत्र. मैदानावर तर लगोरी तिला गावापासूनच ठाऊक असते. खेळात वाक्ये छोटी आणि ठरलेली असतात, शिवाय त्यांचा परिणाम लगेच दिसतो. ‘मला दे’, ‘आता माझी पाळी’ ही तिची पहिली मराठी वाक्ये बहुतेक इथेच फुटतात. तीच वाक्ये मग गटकार्यात आणायची. आधी साहित्य वाटण्याचे काम द्यायचे, नंतर पाळी सांगण्याचे, आणि पुढे गटाने काय केले ते एका वाक्यात सांगण्याचे.

खरी कसोटी गणितात लागते. बाई ‘पंचवीस’ म्हणतात, मुलगी 52 लिहिते. ‘बावन्न’ म्हटले की 25. वहीवर लाल रेघा वाढतात आणि ‘स्थानिक किंमत समजत नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा चुकीचा आहे, हे काड्या पुढे ठेवल्या की उघड होते. तिला कन्नडमध्ये मोजू द्यावे. ती ‘इप्पत्तैदु’ म्हणत दहादहाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या मांडते, आणि 25 अचूक लिहिते. कन्नडमध्ये आधी दशक बोलतात, मग एकक. मराठीत एकक आधी. तिने ऐकल्या क्रमानेच अंक मांडले होते. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड: तिच्या कानाला एक आणि तीस ऐकू येतात, म्हणून ती 31 लिहिते.

यावर उपाय साधा आहे. काही दिवस प्रत्येक संख्या दोनदा बोलायची: ‘वीस आणि पाच, पंचवीस’, आणि त्याबरोबर काड्या दाखवायच्या. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली आलेल्या ‘वीस एक’ अशा वाचनावरून मोठा वाद झाला होता. या मुलीसाठी तरी ती रीत फार उपयोगाची आहे. एकोणतीस, एकोणचाळीस यांचा सराव मात्र वेगळा घ्यावा लागतो. चुका फक्त ऐकून लिहिण्यात असतील आणि मांडून लिहिण्यात नसतील, तर अडचण भाषेची आहे. दोन्हीकडे असतील, तर गणित पुन्हा शिकवायला हवे.

वर्गात कन्नड जाणणारी दुसरी मुलगी असेल, तर तिला जोडीला द्यावे. पण ती कायमची दुभाषी होऊ लागली की दोघींचेही नुकसान होते. एखाद्या दिवशी जोडी बदलून पाहावी. नव्या जोडीदारणीशी बोलणे पुरते थांबले, तर जुनी जोडी थोडी सैल करायची वेळ आली आहे. घरी मराठी बोला, असे पालकांना सांगू नये. आईने कन्नडमध्ये गोष्ट सांगणे, हिशेब करून घेणे, हाच मुलीच्या समजेचा पाया आहे.

वर्षभरात ही मुलगी मैदानावर मराठीत भांडू लागते आणि सगळ्यांना वाटते, काम झाले. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवले, की रोजचे बोलणे साधारण दोन वर्षांत जमते, पण पाठ्यपुस्तकाची भाषा पेलायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणून शाब्दिक उदाहरणे तिला मोठ्याने वाचून देणे, चित्रातून मांडून घेणे आणि गणिताचे मूल्यमापन भाषेपासून वेगळे ठेवणे चौथीतही आणि पाचवीतही चालू ठेवावे लागते.