पाळी चुकली, पण चाचणीत गर्भ नाही : मग काय समजावे?

दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. अशाच एका तेवीस वर्षांच्या विवाहित तरुणीचे उदाहरण घेऊ. नवरा हिशेब संपेपर्यंत भट्टीवरच थांबला आणि ती एकटी घरी आली. घरी येऊन चार दिवस झाले तोच पाळीची तारीख टळली. सासूबाईंनी आशाताईंना बोलावले. संध्याकाळी लघवीची चाचणी झाली आणि पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे गर्भ नाही. घरातल्यांचा मात्र विश्वास बसेना. नवरा जवळ नसताना पाळी चुकली म्हणून कुजबुज सुरू झाली.

पहिली चाचणी घाईची होती हे खरे. गर्भ राहिल्यावर एक विशिष्ट संप्रेरक लघवीत उतरते आणि पट्टी तेच ओळखते. सुरुवातीच्या दिवसांत ते फार कमी असते. दिवसभर पाणी पिऊन झालेल्या संध्याकाळच्या लघवीत ते आणखी पातळ होते. म्हणून पाळी चुकल्यावर एक आठवडा थांबून, सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी आणि पाकिटावर सांगितलेल्या वेळेतच पट्टी वाचावी. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे उलटूनही चाचणीत गर्भ दिसला नाही, तर गर्भ नसल्याची बरीच खात्री धरता येते. या तरुणीची चाचणी पुन्हा तशी केली, तेव्हाही एकच रेघ आली.

मग पाळी का आली नाही? पाळी ठरते ती मेंदूपासून. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथी बीजकोशाला संदेश पाठवतात, बीजकोशातून बीज सुटते आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. उपासमार, अंगमेहनत किंवा मोठी काळजी असली की मेंदू हे संदेश कमी करतो, कारण अशा वेळी शरीर गर्भ पोसू शकणार नाही. बीज सुटायला उशीर झाला की पाळीही तितकीच लांबते, आणि बीज सुटलेच नाही तर ती काही महिने येत नाही.

आरोग्य केंद्रात तिचे वजन केले. भट्टीवर जाण्यापूर्वी ते 45 किलो होते, आता 38. तिची उंची 150 सेंटीमीटर, त्या मानाने हे वजन फारच कमी. डॉक्टरांनी हे नुसते ‘टेन्शन’ म्हणून सोडले नाही. वजन उतरण्यामागे क्षयरोगही असू शकतो, म्हणून खोकला आणि संध्याकाळचा ताप विचारला. तशी लक्षणे नव्हती. हिमोग्लोबिन कमी निघाले. थायरॉईडसाठी रक्तातील टीएसएच तपासले, ते ठीक आले. लोहाच्या गोळ्या आणि रोज डाळ, भाकरी, अंडी, शेंगदाणे असा पोटभर आहार सुरू झाला. वजन 43 किलोवर गेले आणि चौथ्या महिन्यात पाळी आली.

थायरॉईडची चाचणी का? ही गळ्यातील ग्रंथी मंद झाली की पाळी लांबते किंवा बंद होते, कधी उलट जास्त रक्त जाते. सोबत थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, वाढते वजन अशी चिन्हे दिसतात. ग्रंथी जास्त काम करू लागली तर वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात. दोन्हींचे निदान रक्त तपासून होते आणि योग्य औषधाने पाळी बहुधा पुन्हा सुरू होते. एकाएकी वाढलेल्या वजनानेही बीज वेळेवर सुटत नाही. चेहऱ्यावर केस, मुरुमे आणि लांबणारी पाळी असे एकत्र दिसले, तर बीजकोशाची सोनोग्राफी करतात. अंगावर पाजणाऱ्या किंवा तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलेल्या स्त्रीची पाळी मात्र आजार नसतानाही थांबते.

नेहमी वेळेवर येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, तर तपासणी करून घ्यावी. आधीपासून अनियमित असेल तर सहा महिन्यांची मर्यादा धरावी. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत मुलीला पहिली पाळीच आली नसेल, तरीही दाखवावे. बाळ नसताना स्तनातून दूध येणे, सतत डोके दुखून नजर अंधूक होणे, वजन झपाट्याने उतरणे, यांपैकी काही असेल तर तीन महिने वाट पाहू नये. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, चक्कर किंवा रक्तस्राव झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो.

दोन गोष्टी टाळाव्यात. पाळी ‘आणण्यासाठी’ दुकानातून गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी मूळ कारण झाकले जाते. आणि पाळी नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, असे धरू नये. बीज आधी सुटते, पाळी नंतर येते, म्हणून पहिली पाळी दिसण्यापूर्वीच दिवस जाऊ शकतात. या तरुणीच्या घरी आशाताईंनी सासूबाईंना वजनाचे दोन आकडे समजावून सांगितले, तेव्हा कुजबुज थांबली आणि ताटातली भाकरी वाढली.