खांदा दुखत होता, दोष निघाला पित्ताशयाचा! शिक्षिकेच्या आठ महिन्यांच्या त्रासाची गोष्ट

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या ४६ वर्षांच्या बाई. उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा कारण शोधायला कुणाला फार विचार करावा लागला नाही. वीस वर्षं हात वर करून फळ्यावर लिहिलं, मग खांदा दुखणारच. स्टाफरूमचं निदान हेच होतं आणि घरच्यांचंही.

एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. फ्रोझन शोल्डरची सुरुवात असेल म्हणून फिजिओथेरपी सुरू झाली. शेक, व्यायाम, मलम सगळं झालं. दुखणं मात्र आपल्या मर्जीनं यायचं आणि जायचं. पेनकिलरची गोळी घेतली की बरं वाटायचं. त्यामुळे दुखणं स्नायूंचंच आहे, ही समजूत आणखी पक्की झाली. गंमत म्हणजे, अशा काही पेनकिलर पित्ताशयाच्या कळेवरही चांगल्या चालतात. म्हणजे गोळीनं आराम पडला, एवढ्यावरून दुखणं कुठलं हे ठरत नाही.

मे महिन्यात काय बदललं?

उन्हाळ्याची सुट्टी लागली. खडू नाही, फळा नाही. तरी दुखणं वाढलं! लग्नसराईचे दिवस होते. एका लग्नात मसालेभात, भजी आणि जिलेबी असं जेवण झालं आणि त्याच रात्री बाराच्या सुमारास उजव्या खांद्यात आणि पाठीच्या फऱ्याखाली जोरात कळ आली. ती अडीच-तीन तास टिकली, मळमळलं आणि मग आपोआप थांबली.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी हात वर, मागे, बाहेर फिरवायला सांगितला. हात सगळीकडे सहज फिरला, दुखलं नाही. खांद्याचा सांधा बिघडला असेल तर हालचालीनं दुखणं वाढतं, फ्रोझन शोल्डरमध्ये तर हात बाहेर फिरतच नाही. मग डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबून ठेवली आणि म्हणाले, "बाई, खोल श्वास घ्या." श्वास अर्ध्यावरच अडला.

"रात्री जेवायला काय होतं?" हा प्रश्न आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

सोनोग्राफी उपाशीपोटी केली. जेवल्यावर पित्ताशय आकसतं, उपाशी असताना ते पित्तानं भरलेलं असतं आणि आतले खडे नीट दिसतात. तीन खडे होते, सगळ्यात मोठा ११ मिलिमीटरचा. बहुतेक पित्तखडे साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. शिवाय पहिला एक्स-रे होता खांद्याचा.

पण दुखणं खांद्यात कसं?

तेलकट-तुपकट जेवण आतड्यात पोहोचलं की शरीर पित्ताशयाला आकसायचा संदेश देतं. तोंडाशी खडा अडकला असेल तर दाब वाढतो आणि कळ येते. पित्ताशय असतं यकृताखाली, त्या वरच्या बाजूला श्वासपटल. या भागातली संवेदना वाहून नेणारी एक नस मानेतून निघते, मणक्यांच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून. खांद्यावरच्या त्वचेच्या नसाही जवळपास तिथूनच निघतात. दोन खोल्यांच्या बेलची वायर एकाच बोर्डावर आणली, तर बेल कुठल्या खोलीतून वाजली हे कळणार नाही, तसंच हे. (इंजिनिअरिंग केल्यामुळे मला वायरिंगचंच उदाहरण सुचतं.) मेंदूला खांद्याकडून संदेश यायची सवय असते, म्हणून तो खांद्याचंच नाव घेतो. फऱ्याखालच्या कळेचंही असंच, फक्त त्या नसा पाठीच्या मधल्या भागातल्या.

एक सावधगिरी हवीच. बहुतेक खांदेदुखी खांद्याचीच असते. पित्तात खडे असलेल्या कित्येकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, त्यामुळे सोनोग्राफीत खडा दिसला म्हणजे दोषी सापडला असं होत नाही. इथे जेवणाशी जुळणारी वेळ, हालचालीशी नसलेला संबंध आणि बरगडीखालचं दुखणं हे तिन्ही एकत्र आले, म्हणून डॉक्टरांना खात्री वाटली. सोबत ताप, थंडी किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल, कळ पाच-सहा तासांनीही थांबत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. छातीत दडपण आणि घाम असेल तर आधी हृदयाची तपासणी.

जूनमध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, पित्ताशय काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रडवेल्या झाल्या. उजवा खांदा पुन्हा दुखत होता! शस्त्रक्रियेसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, उरलेला वायू श्वासपटलाला डिवचतो आणि तीच नस पुन्हा खांद्याचं नाव सांगते, असं सर्जननी समजावलं. तीन दिवसांत ते दुखणं गेलं. शाळा सुरू झाली तेव्हा सहामाहीच्या वेळापत्रकाचा अख्खा फळा बाईंनीच लिहून काढला.