ग्लासातला पडदा

एका मित्राच्या हॉटेलच्या मेनूकार्डासाठी वाइनच्या ग्लासाचा फोटो हवा होता. मी तो घरीच काढला, कडेकडेने सुबक कापला आणि द्राक्षमळ्याच्या फोटोवर नेऊन ठेवला. मित्राने बघताक्षणी विचारलं, "अरे, मळ्यात पडदा कुणी लावला?" खरंच की! काचेतून आमच्या दिवाणखान्याचा निळा पडदा डोकावत होता.

खुर्ची किंवा आंबा कापून उचलला तर कडेच्या आत जे काही असतं ते त्याचंच असतं. काचेचं तसं नाही. काचेवरच्या प्रत्येक ठिपक्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: काचेची स्वतःची चमक, आणि मागून काचेतून आलेला प्रकाश. फोटोत फक्त त्यांची बेरीज उमटते. बेरीज हातात आहे, पण कुठले दोन आकडे मिळवले ते ठाऊक नाही, अशी ही अडचण. म्हणून सरसकट निम्मा पारदर्शक करण्याचा सोपा उपायही फसतो. पडदा फिका होतो, पण त्याच्याबरोबर काचेवरची चमकही फिकी पडते आणि उरतं ते ग्लासाचं भूत.

आल्वी रे स्मिथ आणि जिम ब्लिन या दोघांनी १९९६ साली या कोड्याचं गणित मांडलं. एकाच रंगाच्या पडद्यापुढे काढलेल्या एका फोटोवरून ही फोड सहसा करता येत नाही, पण दोन वेगळ्या पडद्यांपुढे तीच वस्तू टिपली तर ती करता येते. घरी त्यासाठी पांढरा आणि काळा असे दोन कार्डशीट पुरतात.

ग्लासाला हात न लावता फक्त मागचा कागद बदलायचा. समजा, काचेवरचा एक ठिपका पांढऱ्यापुढे २३० उजळ आला आणि काळ्यापुढे ३०. (शुद्ध काळा म्हणजे ०, शुद्ध पांढरा २५५.) काळ्या कागदाकडून प्रकाश येत नाही, तेव्हा ते ३० काचेचे स्वतःचे. दोन्हींतला फरक २०० चा, म्हणजे मागच्या २५५ पैकी २०० काच पलीकडून अलीकडे येऊ देते. आता मळ्याच्या फोटोत त्या जागी १०० उजळपणा असेल, तर काचेतून त्यातला साधारण ७८ येईल. त्यात चमकेचे ३० मिळवा: १०८. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचा हिशोब वेगवेगळा होत असल्याने वाइनचा रंगही आपोआप उतरतो.

ही आकडेमोड संगणक करतो. पांढऱ्या फोटोवर काळा फोटो ठेवून त्याचा मोड Difference करा आणि दोन्ही लेयर एक करून टाका. हा झाला झिरपणाऱ्या प्रकाशाचा लेयर. तो मळ्यावर Multiply मोडमध्ये ठेवा. सगळ्यात वर काळ्या फोटोची मूळ प्रत ठेवा. तिचा मोड गिंपमध्ये Addition, फोटोशॉपमध्ये Linear Dodge. कात्री कुठेच लावायची नाही.

माझा पहिला प्रयत्न मात्र बिघडला. ग्लासाभोवती मळ्यावर मळकट चौकोन दिसत होता. कागद डोळ्यांना पांढराशुभ्र असला तरी फोटोत तो २१५ च्या आसपास उतरला होता. Difference च्या लेयरवर Levels वापरून मोकळा कागद २५५ ला नेला, तसा चौकोन गेला. दुसऱ्या खेपेला कडा दुहेरी आल्या, कारण कागद बदलताना ट्रायपॉडला धक्का लागला होता. फोकस आणि एक्स्पोजरही हाताने पक्कं करून ठेवावं लागतं. ते ऑटोवर राहिलं तर काळा कागद पाहून कॅमेरा फोटो उजळ करून टाकतो आणि वजाबाकीला अर्थच राहत नाही.

एक गोष्ट या युक्तीला जमत नाही. काच प्रकाश नुसता सोडत नाही, वाकवतेही. रिकाम्या ग्लासाच्या पातळ भिंतीतून मागचं दृश्य जवळजवळ सरळच दिसतं, त्यामुळे तिथे हे खपून जातं. भरलेला ग्लास मात्र भिंगासारखा वागतो. पाण्याने भरलेला वाइनचा गोलसर ग्लास खिडकीपुढे धरून बघा, समोरची इमारत त्यात उलटी उभी असेल. आपल्या दोन कागदांना किती प्रकाश आला ते कळतं, कुठून आला ते कळत नाही. त्यासाठी १९९९ साली संशोधकांनी ग्लासामागे एकामागून एक अनेक पट्ट्यांचे नमुने दाखवून फोटो काढले आणि प्रत्येक ठिपक्यात मागचा कुठला भाग दिसतो ते शोधून काढलं.

मी एवढ्या खोलात जात नाही. मळ्याचाच एक तुकडा उलटा करतो, लहान आणि किंचित धूसर करतो आणि Multiply च्या लेयरखाली, वाइन भरलेल्या भागापुरता बसवतो. मेनूकार्ड तसंच छापलं गेलं. मळा उलटा आहे हे अजून कुणी विचारलेलं नाही.