'डेन' की 'डेम'? जर्मन भाषेतलं दोन प्रकारचं 'टेबलावर'

'मी पुस्तक टेबलावर ठेवतो' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' ही दोन मराठी वाक्यं शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे 'टेबलावर' अगदी तेच आहे. टेबलाचं सामान्यरूप झालं, त्याला 'वर' लागला आणि काम संपलं. पुस्तक आत्ता तिथे पोचतंय की सकाळपासून तिथेच पडलंय, हे क्रियापदाने सांगायचं. टेबलाला त्याच्याशी काही कर्तव्य नाही.

जर्मनमध्ये कर्तव्य आहे. 'इश लेगे डास बूख आउफ डेन टिश' म्हणजे मी पुस्तक टेबलावर ठेवतो. 'डास बूख लीग्ट आउफ डेम टिश' म्हणजे पुस्तक टेबलावर आहे. 'आउफ' म्हणजे वर आणि 'टिश' म्हणजे टेबल. हे दोन्ही शब्द जसेच्या तसे राहिले. बदललं ते मधलं छोटंसं उपपद. पहिल्या वाक्यात 'डेन', दुसऱ्यात 'डेम'. पहिली द्वितीया विभक्ती, दुसरी चतुर्थी.

असा दुहेरी व्यवहार करणारे शब्द जर्मनमध्ये नऊ आहेत: आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, युबर, उंटर, फोर आणि त्स्विशेन. लगत, वर, मागे, आत, शेजारी, वरच्या बाजूला, खाली, समोर आणि मध्ये, असे त्यांचे ढोबळ अर्थ. सगळेच्या सगळे जागा दाखवणारे आहेत. आपली शब्दयोगी अव्ययं नामानंतर येतात, हे नामाच्या आधी येतात, आणि नामाची विभक्ती द्वितीया की चतुर्थी हे वाक्याच्या अर्थावरून ठरतं. बाकीच्या बहुतेक अशा शब्दांना एकच विभक्ती ठरलेली असते. 'मिट', म्हणजे सोबत, आला की चतुर्थी. 'फ्युअर', म्हणजे साठी, आला की द्वितीया. तिथे पाठांतर पुरतं. या नऊ शब्दांपाशी मात्र थांबून विचार करावा लागतो.

मराठी वाचकाला इथे एक रास्त शंका येईल. चतुर्थी म्हणजे देण्याची विभक्ती. रामाला दिलं, आईला सांगितलं. पुस्तक टेबलावर पडलेलं असताना तिथे चतुर्थीचं काय काम? याचं उत्तर शाळेत संस्कृत शिकलेल्यांना चटकन पटेल. संस्कृतात 'ग्रामं गच्छति' म्हणताना गाव द्वितीयेत जातं आणि 'ग्रामे वसति' म्हणताना सप्तमीत. जिथे पोचायचं ती जागा द्वितीयेत, जिथे असायचं ती सप्तमीत. जर्मन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, आणि ही विभागणी दोघींकडे त्या जुन्या घरातूनच आली आहे. पुढे जर्मॅनिक भाषांत सप्तमी वेगळी उरली नाही, ती चतुर्थीत विरघळली. म्हणून आजच्या जर्मनमधली चतुर्थी दोन कामं करते: 'माणसाला दिलं' हे तिचं स्वतःचं काम, आणि 'टेबलावर आहे' हे सप्तमीकडून आलेलं. 'आउफ डेम टिश' दिसलं की मनात 'सप्तमी' म्हणावं. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. पाठ्यपुस्तकांनी हे आपल्या मुलांना पहिल्याच धड्यात सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बहुतेक ठिकाणी नियम असा शिकवतात: हालचाल असेल तर द्वितीया, हालचाल नसेल तर चतुर्थी. हा नियम अपुरा आहे आणि त्यानेच बहुतेकांचं नुकसान होतं. एक उदाहरण नीट पाहू. 'डास किंट श्प्रिंग्ट आउफ डास बेट' आणि 'डास किंट श्प्रिंग्ट आउफ डेम बेट'. किंट म्हणजे मूल, बेट म्हणजे पलंग, श्प्रिंग्ट म्हणजे उडी मारणं. हालचाल दोन्हीकडे आहे, आणि चांगली धांदलीची आहे. पण पहिल्या वाक्यातलं मूल जमिनीवर होतं आणि त्याने पलंगावर उडी मारली. दुसऱ्या वाक्यातलं मूल आधीपासून पलंगावरच आहे आणि तिथे उड्या मारतंय. मराठीत आपण हा फरक 'उडी' आणि 'उड्या' यांवर सोपवतो. जर्मनमध्ये क्रियापद तेच राहतं आणि 'डास'चं 'डेम' होतं.

तेव्हा प्रश्न हालचालीचा नाही, जागा बदलण्याचा आहे. क्रिया सुरू होण्याआधी ती व्यक्ती किंवा वस्तू त्या जागी नव्हती आणि क्रियेमुळे तिथे पोचली, तर द्वितीया. क्रिया चालू असताना ती आधीपासून त्याच जागेच्या हद्दीत असेल, मग ती धावो, नाचो की झोपो, चतुर्थी. बागेत जायचं तर 'इन डेन पार्क', बागेत पळायचं तर 'इम पार्क'. हे 'इम' म्हणजे 'इन डेम' बोलताना आक्रसलेलं रूप. तसंच 'इन डास'चं 'इन्स' होतं आणि 'आन डेम'चं 'आम'. ही जोडरूपं इतकी रुळलेली आहेत की त्यांच्या पोटात विभक्ती दडलीय हे नव्या विद्यार्थ्याच्या लक्षातच येत नाही.

जर्मन शिक्षक यासाठी दोन प्रश्न विचारायला सांगतात: 'वोहिन' असं विचारता आलं तर द्वितीया, 'वो' असं विचारता आलं तर चतुर्थी. जर्मन मुलाला ही खूण पुरते. आपल्याला पुरत नाही, कारण आपण 'कुठे आहेस?' म्हणतो आणि 'कुठे चाललास?' असंही म्हणतो. दोन्हीला एकच 'कुठे'. म्हणून मराठी माणसाने 'आधी तिथे होतं का?' हाच प्रश्न स्वतःला विचारावा.

आता उपपदांचे बदल. ते लिंगानुसार होतात, त्यामुळे लिंग माहीत नसेल तर वरचा सगळा विचार बरोबर करूनही वाक्य चुकतं. पुल्लिंगी 'डेर'चं द्वितीयेत 'डेन' आणि चतुर्थीत 'डेम' होतं. नपुंसकलिंगी 'डास' द्वितीयेत तसंच राहतं, चतुर्थीत 'डेम' होतं. स्त्रीलिंगी 'डी'सुद्धा द्वितीयेत तसंच राहतं, पण चतुर्थीत त्याचं 'डेर' होतं, आणि खरा चकवा इथे आहे. क्युशे म्हणजे स्वयंपाकघर, स्त्रीलिंगी. स्वयंपाकघरात जायचं तर 'इन डी क्युशे', आधीपासून तिथे असाल तर 'इन डेर क्युशे'. 'डेर' ऐकताच विद्यार्थी शब्द पुल्लिंगी समजतो आणि पुढच्या वेळी 'इन डेम क्युशे' म्हणून मोकळा होतो. अनेकवचनात द्वितीयेला 'डी' आणि चतुर्थीला 'डेन', शिवाय बहुतेक नामांनाही शेवटी 'न' लागतो. म्हणजे 'डेन' ऐकू आलं की ती पुल्लिंगी द्वितीया आहे की अनेकवचनी चतुर्थी, हे नामाकडे पाहूनच कळतं.

'एक' अर्थाच्या 'आइन'चीही हीच तऱ्हा: पुल्लिंगी द्वितीयेत 'आइनेन', पुल्लिंगी आणि नपुंसक चतुर्थीत 'आइनेम', स्त्रीलिंगी चतुर्थीत 'आइनेर'. शेवटचं अक्षर बघितलं तर 'डेन, डेम, डेर' यांचेच न, म, र इथे आलेत. वेगळं पाठ करायची गरज पडत नाही.

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिकडे जाऊ पाहणाऱ्या परिचारिकेच्या कामातलं एक उदाहरण घेऊ. तिला रुग्णाच्या खोलीत जायचंय, पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचाय आणि नंतर पेला कुठे आहे ते सांगायचंय. खोली म्हणजे 'त्सिमर', नपुंसकलिंगी. ती बाहेरून आत चाललीय, आधी खोलीत नव्हती, म्हणून द्वितीया: 'इश गेए इन्स त्सिमर'. इथे ती 'इम त्सिमर' म्हणाली, तर खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारतेय असा अर्थ होईल. पेला आधी तिच्या हातात होता, आता टेबलावर पोचतोय: 'इश श्टेले डास ग्लास आउफ डेन टिश'. पेला टेबलावर आला, आता तो तिथेच आहे: 'डास ग्लास श्टेट आउफ डेम टिश'.

या शेवटच्या दोन वाक्यांत क्रियापदही बदललं, आणि ही फार मोठी मदत आहे. 'श्टेलेन' म्हणजे उभं ठेवणं, 'श्टेएन' म्हणजे उभं असणं. 'लेगेन' म्हणजे आडवं ठेवणं, 'लीगेन' म्हणजे आडवं असणं. 'झेत्सेन' बसवणं, 'झित्सेन' बसलेलं असणं. ठेवणाऱ्या क्रियापदांना द्वितीया हवी असते, असणाऱ्यांना चतुर्थी. 'हेंगेन' मात्र टांगणं आणि टांगलेलं असणं, दोन्ही अर्थांनी वापरतात. तिथे वर्तमानकाळात उपपदाकडेही नीट बघावं लागतं. भूतकाळात 'हेंग्टे' म्हणजे टांगलं आणि 'हिंग' म्हणजे टांगलेलं होतं, असा फरक पुन्हा दिसू लागतो.

आपली 'आधी तिथे होतं का' ही कसोटी काही ठिकाणी दगा देते, ती ठिकाणं माहीत असलेली बरी. 'आनकोमेन' म्हणजे पोचणं. पुण्याहून निघालेला माणूस स्टेशनवर पोचतो, तो आधी तिथे नव्हता, तरी जर्मन माणूस 'आम बानहोफ' म्हणतो, चतुर्थीत. पोचण्याची घटना स्टेशनवर घडली, असं ती भाषा पाहते. गाडी लावण्याचंही तसंच: 'पार्केन' या क्रियापदाबरोबर जागा चतुर्थीत येते. अशी क्रियापदं थोडीच आहेत; ती विभक्तीसकट लक्षात ठेवावीत.

जागेचा विषयच नसेल तेव्हा ही कसोटी लागूच पडत नाही. वेळ सांगताना 'इन', 'आन' आणि 'फोर' चतुर्थी घेतात: सोमवारी म्हणजे 'आम मोंटाग', वर्षापूर्वी म्हणजे 'फोर आइनेम यार'. काही क्रियापदांनी मात्र यांतला एखादा शब्द कायमचा बांधून घेतलेला असतो. बसची वाट बघणं म्हणजे 'आउफ डेन बुस वार्टेन'. वाट बघणारा जागचा हलत नाही, तरी द्वितीया. कुत्र्याची भीती वाटणं म्हणजे 'आंग्स्ट फोर डेम हुंट हाबेन', इथे चतुर्थी. एखाद्याविषयी बोलताना 'युबर' आला तर द्वितीया. शब्दकोशात अशा क्रियापदापुढे विभक्तीची खूण दिलेली असते. वहीत क्रियापद उतरवताना ती खूणही सोबत उतरवावी, आणि जमल्यास पुल्लिंगी नाम घेऊन एक वाक्य लिहावं. पुल्लिंगी नामातच 'डेन' आणि 'डेम' वेगळे दिसतात आणि वेगळे ऐकूही येतात.