गुणांचं गणित, लेखांक ७ : एका अठ्ठ्याण्णवने बिघडवलेली टी-चाचणी

१९१७ साली कोलकाता विद्यापीठाच्या परीक्षापद्धतीत सुधारणा सुचवायचं काम आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांच्याकडे होतं. निकालांच्या आकड्यांची छाननी करण्यासाठी त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुणाची मदत घेतली. तो तरुण म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस. पुढे १९३१ मध्ये त्यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. संख्याशास्त्राशी त्यांचा सुरुवातीचा संबंध आला तो असा परीक्षेच्या गुणांतून. गुणांबाबतचा मूळ प्रश्न आजही हाच आहे : दोन गटांच्या गुणांत दिसणारा फरक खरा, की निव्वळ योगायोग?

मागच्या लेखांकात याचं उत्तर आपण टी-चाचणीने काढलं. आता ती चाचणी कुठे अडखळते, ते एका उदाहरणात पाहू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

कोलकात्यातल्या एका शाळेत गणितात मागे पडलेली १२ मुलं आहेत असं धरा. चिठ्ठ्या टाकून त्यांचे सहा-सहाचे दोन गट केले. ‘अ’ गटाला नेहमीसारखं शिकवलं, ‘ब’ गटाला रोज अर्धा तास जादा सराव दिला. महिन्याने १०० गुणांची परीक्षा घेतली.

अ गट : ३१, ३४, ३५, ३६, ३८, ४०
ब गट : ३७, ३९, ४१, ४३, ४५, ९८

नुसत्या नजरेनेही ‘ब’ गट वरचढ दिसतो. सरासरी ३५.७ आणि ५०.५, म्हणजे जवळजवळ १५ गुणांचा फरक. तरीही टी-चाचणीचं उत्तर येतं १.५४, आणि ५ टक्क्यांच्या पातळीवर फरक मान्य व्हायला इथे किमान २.२३ लागतात. सरावाचा उपयोग झाल्याचा पुरावा नाही, असा निकाल लागतो.

आता ९८ च्या जागी ४८ घालून पाहा. ‘ब’ गटाची सरासरी ४२.२ वर उतरते, फरक साडेसहा गुणांचा उरतो, आणि टी-चाचणीचं उत्तर मात्र ३.१२ वर जातं. एका मुलाचे ५० गुण कमी केले, तर त्याच्या गटाचा पुरावा भक्कम झाला! हे नेमकं कशामुळे झालं, ते समजून घेतलं पाहिजे.

टी-चाचणीत सरासऱ्यांच्या फरकाला गुणांच्या पसाऱ्यावरून काढलेल्या प्रमाण त्रुटीने भागतात. ९८ या गुणाने फरक वाढवला, पण पसारा त्याहून कितीतरी जास्त वाढवला, कारण पसारा मोजताना सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग घेतला जातो. अंश सव्वादोन पटींनी वाढला, छेद साडेचार पटींहून अधिक. मुलं शंभरेक असती तर एकट्या ९८ चं वजन इतकं पडलं नसतं. सहांच्या गटात एकच मूल सगळा हिशोब ओढून नेतं. अवघड पेपरात बहुतेकांचे गुण तळाशी साचतात आणि दोघे-तिघे फार वर जातात, तेव्हाही असंच होतं. ९८ गुण खोटे नाहीत, त्यामुळे ते गाळून टाकणं हा उपाय होऊ शकत नाही.

मान-व्हिट्नी चाचणी इथे वेगळा प्रश्न विचारते. कोण किती गुणांनी पुढे आहे हे ती पाहत नाही, फक्त कोण पुढे आहे एवढंच पाहते. ‘ब’ गटातल्या प्रत्येकाची ‘अ’ गटातल्या प्रत्येकाशी एक लढत लावायची. सहा गुणिले सहा, अशा ३६ लढती होतात. ३७ गुणांचा मुलगा ३१, ३४, ३५ आणि ३६ यांना हरवतो, म्हणजे ४ विजय. ३९ वाला पाच जणांना हरवतो. ४१, ४३, ४५ आणि ९८ हे चौघे सहाही जणांना हरवतात. बेरीज ३३. ‘अ’ गटाच्या वाट्याला उरले ३. यातला लहान आकडा, म्हणजे ३, हे चाचणीचं मूल्य. त्याला U म्हणतात. गुण सारखे असले तर दोघांना अर्धा-अर्धा विजय द्यायचा. आता ९८ च्या जागी ४८ ठेवा, U तितकाच राहतो.

हा ३ योगायोगाने येऊ शकतो का? चिठ्ठ्या टाकल्या होत्या, ती गोष्ट इथे उपयोगी पडते. १२ मुलांचे सहा-सहाचे गट ९२४ प्रकारे पडू शकतात. सरावाचा काहीच परिणाम नसता, तर यातला प्रत्येक प्रकार सारखाच शक्य होता. त्यांपैकी ‘अ’ गटाला तीन किंवा त्याहून कमी विजय मिळतील असे प्रकार फक्त ७ आहेत. ‘ब’ गट तितकाच मागे पडेल असेही ७. म्हणून पी-मूल्य १४ भागिले ९२४, म्हणजे सुमारे ०.०१५. हे ५ टक्क्यांच्या बरंच खाली आहे, तेव्हा हा फरक योगायोगाच्या खाती टाकता येत नाही. संगणकावर आर वापरत असाल तर एवढंच लिहायचं :

```
a <- c(31,34,35,36,38,40)
b <- c(37,39,41,43,45,98)
wilcox.test(a, b)
```

इथेही W = 3 आणि तेच पी-मूल्य दिसेल. आज्ञेतलं नाव फ्रँक विल्कॉक्सन यांचं आहे. या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये सर्वांना क्रमांक देऊन त्यांची बेरीज करण्याची रीत मांडली. १९४७ मध्ये हेन्री मान आणि त्यांचे विद्यार्थी रॅन्सम व्हिट्नी यांनी लढती मोजण्याच्या रूपात ती पक्क्या पायावर उभी केली. दोन्ही रीतींचा निष्कर्ष एकच येतो. अशा क्रमांकांवर आधारलेल्या पद्धतींचा पुढे ज्यांनी मोठा विस्तार केला, त्यांत कोलकात्यात शिकलेले प्रणबकुमार सेन अग्रभागी होते.

‘नमुना लहान, तर मान-व्हिट्नी’ हे वाक्य मात्र आंधळेपणाने वापरू नये. गट तीन-तीनचे असतील तर वाटणीचे प्रकार फक्त २० होतात. एका गटाने नऊच्या नऊ लढती जिंकल्या तरी पी-मूल्य २ भागिले २०, म्हणजे ०.१०. तिथे ही चाचणी ५ टक्क्यांच्या खाली कधी जाऊच शकत नाही. चार-चारच्या गटांत ७० प्रकार होतात आणि किमान मूल्य ०.०२९ पर्यंत उतरतं. तेव्हा मुलं निवडण्याआधीच हा हिशोब करावा.

दुसरी मर्यादा प्रश्नाचीच आहे. एका वर्गाचे सगळे गुण ४८ ते ५२ च्या दरम्यान आहेत आणि दुसऱ्या वर्गात निम्मी मुलं तिसाच्या खाली, निम्मी सत्तरच्या वर आहेत असं धरा. लढती बरोबरीत सुटतील आणि चाचणी गप्प राहील, जरी दोन्ही वर्गांत जमीन-अस्मानाचा फरक असला तरी. पसाऱ्यातला फरक पकडायला वेगळी चाचणी लागते, बी. व्ही. सुखात्मे यांनी १९५७ मध्ये याच घराण्यातली तशी एक चाचणी मांडली. म्हणूनच ‘मान-व्हिट्नी मध्यकांची तुलना करते’ हे सर्रास लिहिलं जाणारं विधान तेव्हाच खरं ठरतं, जेव्हा दोन्ही गटांच्या गुणांची मांडणी आकाराने सारखी असते आणि फक्त पुढे-मागे सरकलेली असते.

गुण सरासरीभोवती प्रसामान्य वितरणासारखे पसरले असतील तर टी-चाचणी सोडायचं कारण नाही. मात्र तिथेही मान-व्हिट्नी फारशी मागे पडत नाही : नमुने मोठे असताना टी-चाचणीला ९५ मुलांत जे दिसतं, ते हिला साधारण १०० मुलांत दिसतं. कोणती चाचणी लावायची ते निकाल बघण्याआधी ठरवावं. दोन्ही लावून सोयीचं पी-मूल्य उचललं, तर त्या ५ टक्क्यांना काही अर्थ उरत नाही.

अहवालात नुसतं पी-मूल्य देऊन थांबू नये. ३३ भागिले ३६ म्हणजे ०.९२. दोन्ही गटांतून एकेक मूल सहज उचललं, तर १०० पैकी ९२ वेळा सराव केलेलं मूल पुढे असेल. शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना हे वाक्य लगेच कळतं, आणि सरावाचा तास चालू ठेवायचा का, हे ठरवायला तेच कामी येतं.

पुढच्या लेखांकात : एकाच मुलाचे सरावाआधीचे आणि नंतरचे गुण हाती असतील तर या ३६ लढती का लावता येत नाहीत, आणि तिथे विल्कॉक्सन यांचीच दुसरी चाचणी कशी वापरायची.